धागा: सहा किलोच्या खोक्याला चौदा किलोचा दर, ही फसवणूक की हिशेब?

मृण्मयी_कोथरूड

माझी भाची शारजा येथे राहते. यंदा तिला फराळ आणि तिच्या आजोबांनी बांबूच्या कामट्यांचा केलेला आकाशकंदील पाठवावा, असे घरात ठरले. खोके मी स्वतः बांधले आणि घरच्या वजनकाट्यावर ते ६.४ किलो भरले. कुरिअरच्या काउंटरवरील मुलाने ते तोलले, तेव्हा त्याच्या काट्यावरही ६.४ हाच आकडा आला. त्यानंतर मात्र त्याने टेप काढून खोक्याच्या तिन्ही बाजू मोजल्या आणि पावतीवर १४ किलो लिहिले. मी विचारल्यावर त्याने "हे व्हॉल्यूमेट्रिक वजन आहे, मॅडम" एवढेच सांगितले व पुढच्या ग्राहकाकडे वळला. मी खोके परत घरी आणले आहे.

खोक्याची मापे ४८ × ३८ × ३८ सें.मी. आहेत. माझे प्रश्न दोन आहेत. हा आकडा येतो कोठून, आणि जे वजन खोक्यात नाहीच त्याचे पैसे मी का द्यावेत?

घाटावरचा

ताई, ही सरळ लूट आहे. दूधवाला पाणी घालून वजन वाढवतो, हे लोक हवा घालून वाढवतात. पावतीचे छायाचित्र काढून ग्राहक मंचाकडे तक्रार करावी, असे माझे मत आहे.

तिरकस

लहानपणी आम्हांला विचारत असत की, एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड. आम्ही "लोखंड" म्हणालो की सगळे हसायचे. आता कळते आहे की कुरिअरच्या काउंटरवर खरे उत्तर "कापूस" असे आहे.

गोदामवाला

मी मुंबईच्या विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात बावीस वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घाटावरच्यांचा राग मला समजतो, परंतु पावतीवरील आकडा बरोबर आहे.

आंतरराष्ट्रीय एक्स्प्रेस कुरिअरमध्ये लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला ५००० ने भागतात. मृण्मयीताईंच्या खोक्याचा गुणाकार ६९,३१२ येतो आणि भागाकार १३.८६. कुरिअरवाले पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वर नेतात, त्यामुळे १४ झाले. हे वजन आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे जास्त असेल, त्यावर आकारणी होते. खोक्यात लाडूऐवजी पितळी समया असत्या आणि काटा २० किलो दाखवत असता, तर आकारणी २० किलोचीच झाली असती आणि टेपला कोणी हात लावला नसता.

आता "का" या प्रश्नाकडे येतो. विमानाच्या पोटात माल सुटा टाकत नाहीत. मोठ्या प्रवासी विमानात अॅल्युमिनियमचे, एका बाजूला तिरपे कापलेले कंटेनर असतात. त्यांतील नेहमीच्या प्रकाराला आम्ही एलडी-३ म्हणतो. त्याच्या आत साधारण ४.३ घनमीटर जागा असते, आणि कंटेनर धरून एकूण वजनाची मर्यादा १५८८ किलो असते. रिकाम्या कंटेनरचे वजन वजा केले तरी सुमारे दीड टन माल त्यात चालतो. ताईंच्या खोक्यासारखी खोकी त्यात भरत गेलो, तर कागदावर ६२ मावतात (प्रत्यक्षात कोपऱ्यांमुळे त्याहून कमीच) आणि कंटेनर दारापर्यंत भरतो, तेव्हा आतील वजन ४०० किलोसुद्धा होत नाही. म्हणजे दीड टनाची सोय असलेली जागा ४०० किलोंत संपली. काट्यावरील वजनाचेच पैसे घेतले, तर त्या कंटेनरचा उरलेला खर्च यंत्रांचे सुटे भाग पाठवणाऱ्याच्या माथी जाईल.

अभियंता_नाशिक

गोदामवाले यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. विमानाचे इंधन वजनावर जळते, आकारावर नाही. खोके विमानाच्या पोटात असल्यामुळे त्याच्या आकाराने हवेचा विरोधही वाढत नाही. तेव्हा हलका माल कंपनीला खरोखर स्वस्त पडतो आणि त्याचा फायदा ग्राहकाला मिळायला हवा. माझ्या मते हा नियम इंधनाशी नव्हे, तर नफ्याशी संबंधित आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी देशांतर्गत माल रस्त्याने पाठवावा. तेथे ट्रकवाले केवळ वजनच पाहतात.

गोदामवाला

इंधनाविषयी आपले म्हणणे खरे आहे, पण ते अपुरे आहे. विमान सुटते तेव्हा त्याचे भाडे, वैमानिकाचा पगार, विमानतळाचे शुल्क आणि रिकाम्या विमानाला उडवण्याचे इंधन हा सगळा खर्च ठरलेलाच असतो. तो एकतर जागा संपेपर्यंत वसूल करायचा किंवा वजनाची मर्यादा संपेपर्यंत. यांपैकी आधी काय संपेल हे मालावर अवलंबून असते. उन्हाळ्यातील तापलेल्या दुपारी, लांबच्या उड्डाणाला वजन आधी संपते आणि कंटेनर अर्धे रिकामे ठेवून माल मागे ठेवावा लागतो, हेही मी पाहिले आहे. परंतु कुरिअरच्या मालात कपडे, खेळणी, कागदपत्रे आणि पुठ्ठ्याच्या आतली हवा अधिक असल्यामुळे बहुतेक दिवशी जागाच आधी संपते.

रस्त्याविषयी मात्र आपला गैरसमज आहे. ट्रान्सपोर्टवाले घनफुटावर हिशेब करतात, आणि घनफुटाला १० किलो हा दर अनेक ठिकाणी चालतो. एका घनफुटात सुमारे २८,३१७ घन सेंटिमीटर असतात, म्हणजे तेथील भाजक २८३२ च्या आसपास पडतो. भाजक जितका लहान तितके कागदावरचे वजन मोठे. हेच खोके ट्रकने जाते, तर २४ ते २५ किलो धरले गेले असते. अर्थात तेथे किलोचा दरच खूप कमी असतो, म्हणून एकूण रक्कम डोळ्यांत येत नाही.

यवतमाळचा_पांढरे_सोने

ही चर्चा वाचून हसू आले, कारण आमच्याकडे हा विषय प्रत्येक हंगामात रस्त्यावर दिसतो. सुटा कापूस भरलेली ट्रॉली जिनिंगकडे निघते, तेव्हा ती दोन्ही बाजूंनी इतकी फुगलेली असते की मागच्या मोटारसायकलवाल्याला पुढचे काही दिसत नाही, आणि तरी ट्रॅक्टर ती सहज ओढतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर रुई प्रेसमध्ये दाबून साधारण १७० किलोची गठाण बांधतात. कापूस तोच, पण ज्या ट्रकमध्ये सुटा कापूस टपापर्यंत भरूनही वजन होत नव्हते, तोच ट्रक गठाणींनी वजनाला पुरा होतो. एवढे महाग प्रेस लोक कशासाठी बसवतात, याचे अर्धे उत्तर ट्रकच्या भाड्यात आहे.

तिरकस

दुर्दैवाने चिवड्याची गठाण बांधता येत नाही.

सुलभा_मावशी

मृण्मयी, मला वाटते तू उगाच त्रास करून घेते आहेस. माझा मुलगा विमानाने जातो तेव्हा त्याला २३ किलोच्या दोन बॅगा मोफत नेता येतात आणि तेथे कोणीही टेप लावत नाही. कोणी ओळखीचे शारजाला जात असेल तर त्याच्या बॅगेतून पाठव.

गोदामवाला

मावशी, प्रवाशाच्या बॅगेलाही टेप आहे, फक्त ती आपल्याला दिसत नाही. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सें.मी.पेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा बहुतेक विमान कंपन्यांची असते. आकाराला आधीच कुंपण घातले की नंतर केवळ वजन पाहिले तरी भागते. ओळखीचा प्रवासी मिळाला तर सूचना उत्तम आहे, पण आजोबांचा कंदील सुटकेसमध्ये कसा बसवायचा, हा प्रश्न उरतोच.

कुडाळची_बांबूवाली

मी बांबूचे दिव्यांचे शेड बनवून ऑनलाइन विकते, त्यामुळे हे गणित मला झोपेतही येते. एका शेडचे खोक्यासह वजन १.१ किलो असते. खोके ३५ × ३५ × ३५ सें.मी.चे आहे, म्हणजे व्हॉल्यूमेट्रिक ८.५८ आणि आकारणी ९ किलोची. सुरुवातीचे सहा महिने मी किंमत ठरवताना १.१ किलोचाच हिशेब धरला होता आणि प्रत्येक विक्रीत तोटा सोसला. ऑर्डर वाढल्या तसा तोटा वाढत गेला, आणि मी मात्र धंदा चालला म्हणून आनंदात होते.

पुढचा धक्का वेगळा होता. मी ३५ सें.मी. लिहून पाठवलेल्या खोक्यांना महिनाअखेरीस "वजनात तफावत" म्हणून जादा रक्कम लावली गेली. त्यांच्या हबमधील पट्ट्यावर लेझर आणि कॅमेऱ्याने मोजणारे यंत्र असते, आणि त्याने ३९ × ३७ × ३६ अशी मापे दाखवली होती. म्हणजे ९ किलोचे १०.५ किलो. आधी मला ते खोटे वाटले. मग एक खोके बांधून त्यांच्याप्रमाणे सर्वांत बाहेर आलेल्या टोकांपासून मोजले, तेव्हा लक्षात आले की वरून घातलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची दुमड एका बाजूला कानासारखी बाहेर येत होती आणि झाकण मध्ये फुगत होते. यंत्राला पुठ्ठा आणि पिशवी यांतला फरक कळत नाही. त्या खोक्याला सर्व बाजूंनी झाकणारी सर्वांत लहान काटकोनी पेटी किती मोठी असेल, एवढेच ते पाहते.

आता मी पिशवी घट्ट ओढून चिकटवते आणि टेप लावलेल्या अवस्थेत तिन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवते. तक्रार केल्यावर काही वेळा पैसे परत मिळतात, काही वेळा उत्तरच येत नाही.

मृण्मयी_कोथरूड

सर्वांचे आभार. हिशेब समजला. तरीही मनातील एक शंका विचारते. लाडूंचा डबा जड आहे आणि चिवडा, चकली हलकी आहे. लाडू वेगळ्या छोट्या खोक्यात पाठवले, तर निदान त्या भागाचे तरी खऱ्या वजनाने पैसे लागतील, हे बरोबर आहे का? आणि कंदिलाचे काय करू? खोक्याची निम्मी जागा त्यानेच घेतली आहे.

अभियंता_नाशिक

नक्कीच वेगळे करा. जड वस्तूला काट्याचे वजन आणि हलक्या वस्तूला टेपचे वजन, म्हणजे दोन्हीकडे न्याय होईल.

गोदामवाला

अभियंता साहेब, येथे उलट घडते. ताई, आपण आकडे मांडून पाहू. समजा लाडूंचे खोके २२ × २० × १४ सें.मी. आणि २.८ किलोचे आहे. त्याचे व्हॉल्यूमेट्रिक १.२३ येते, म्हणून काट्याचे २.८ धरले जाईल, म्हणजे ३ किलो. बाकी फराळाचे खोके ४० × ३४ × २५ सें.मी. आणि ३.५ किलोचे असेल, तर त्याचे व्हॉल्यूमेट्रिक ६.८, म्हणजे आकारणी ७ किलोची. दोन्ही मिळून १० किलो झाले. हाच माल ४२ × ३४ × २८ च्या एका खोक्यात बसला, तर गुणाकार ३९,९८४ येतो आणि भागाकार ८ च्या किंचित आत.

याचे कारण असे की प्रत्येक खोक्याला दोन वजनांपैकी मोठे लागते. वेगळे केल्यावर लाडूंच्या खोक्यात आपण वजनाचे पैसे देतो आणि त्यातील जागेची सवलत वाया जाते, तर चिवड्याच्या खोक्यात जागेचे पैसे देतो आणि वजनाची सवलत वाया जाते. एकत्र ठेवल्यावर लाडूंच्या जडपणाचा लाभ चिवड्याला मिळतो. ५००० चा भाजक म्हणजे पाच लिटर जागेला एक किलो. खोक्यातील माल त्याच्या जितका जवळ जाईल तितके उत्तम. मोठे एजंट हाच धंदा करतात. एका पार्टीचे नटबोल्ट आणि दुसऱ्या पार्टीच्या कृत्रिम फुलांची खोकी एकत्र करून ते विमान कंपनीकडे एकच माल म्हणून देतात आणि दोघांकडून वेगवेगळे मोठे वजन वसूल करतात. मधला फरक त्यांचा.

एक सावधगिरी आहे. काही कंपन्या एका पावतीवरील सर्व खोक्यांची बेरीज करून मग तुलना करतात, काही प्रत्येक खोक्याची स्वतंत्र तुलना करतात. मी वर दुसरी पद्धत धरली आहे. तेव्हा काउंटरवर आधी विचारावे.

घाटावरचा

म्हणजे एजंट फरक खातो हे आपण स्वतःच मान्य केलेत. मग मी लूट म्हणालो त्यात चुकले काय?

गोदामवाला

विमान कंपन्यांचा मालवाहतुकीचा भाजक सर्वसाधारणपणे ६००० असतो, म्हणजे घनमीटरला सुमारे १६७ किलो. एक्स्प्रेसचा ५०००, म्हणजे घनमीटरला २०० किलो. एजंट ६००० ने माल देतो आणि आपल्याकडून ५००० ने घेतो, हे अनेकदा घडते. मी त्याला लूट म्हणणार नाही, कारण घरून माल उचलणे, कागदपत्रे आणि माल रखडला तर होणारा तोटा हे त्याच्याकडे असते. आपण म्हणू शकता. भाजक हा कायद्याने ठरवलेला नसून कंपनीच्या दरपत्रकाचा भाग आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

न्यूजर्सीकर

आमच्याकडे हाच प्रकार इंच आणि पौंडांत आहे. भाजक १३९, म्हणजे १३९ घनइंचांना एक पौंड. मी एकदा उत्सुकतेने ते सेंटिमीटर आणि किलोमध्ये बदलून पाहिले, तर ५०२२ आले. म्हणजे आकडा निराळा दिसला तरी माप तेच.

येथे २०१५ च्या आरंभापर्यंत दोन मोठ्या कंपन्या जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलांना तीन घनफुटांपर्यंत हा नियम लावत नसत, केवळ वजन पाहत. सवलत गेल्यावर ज्यांचा माल हलका होता, त्या दुकानांचा वाहतूक खर्च एकदम वाढला आणि लोक नेमक्या मापाची खोकी शोधू लागले. तोपर्यंत एका शाम्पूच्या बाटलीसाठी बुटांचे खोके मावेल एवढे पार्सल येत असे. तेव्हा घाटावरच्यांचे सगळे मान्य केले, तरी हवेला किंमत लागल्याशिवाय हवा पाठवणे कोणी थांबवत नाही, हा माझा अनुभव आहे.

कुडाळची_बांबूवाली

मृण्मयीताई, कंदिलाविषयी मला सांगावेसे वाटते. कामट्यांचा सांगाडा सुतळीने बांधलेला असेल, तर गाठी सोडून कामट्या जुडीसारख्या सपाट ठेवता येतात. प्रत्येक कामटीला पेन्सिलने क्रमांक घाला आणि बांधणीचे चार फोटो भाचीला पाठवा. कागद गुंडाळून ठेवला तर सुरकुत्या पडत नाहीत, पण गुंडाळी खोक्याच्या लांबीत बसली पाहिजे, तिरपी ठेवू नका. शेडच्या बाबतीत मी असेच केले. सरळ नळकांड्याऐवजी खाली रुंद आणि वर निमुळते शेड केले आणि तीन मापांचे एकात एक बसवून संच म्हणून विकायला लागले. ३८ × ३८ × ४२ च्या खोक्यात तीन जातात, म्हणजे १२.५ किलोत तीन. पूर्वी तिघांना २७ लागत होते.

सुलभा_मावशी

चिवडा मात्र हवा काढणाऱ्या पिशवीत घालू नकोस. मी एकदा चकलीवर तो प्रयोग केला आणि पोचली ती भाजणी.

मृण्मयी_कोथरूड

काल पुन्हा काउंटरवर जाऊन आले. वडिलांनी कंदील स्वतः सोडून दिला. आधी ते नाराज झाले, मग प्रत्येक कामटीवर क्रमांक घालताना त्यांना त्यात रस वाटू लागला. लाडू मधोमध आणि भोवती चिवड्याच्या पिशव्या ठेवून ४२ × ३४ × २८ च्या खोक्यात सगळे बसवले. काट्यावर ६.१ किलो आले.

मी घरी गणित करून ८ किलो धरून गेले होते. मुलाने टेप लावली, तर उंची २८ ऐवजी २९ निघाली, कारण झाकण मध्ये थोडे फुगले होते. त्या एका सेंटिमीटरने गुणाकार ४१,४१२ झाला, म्हणजे ८.२८, आणि पावतीवर ८.५ आले. मी झाकण दाबून धरते म्हणाले, तर तो म्हणाला, "मॅडम, हबमधल्या यंत्रासमोर कोण दाबून धरणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिरकस

एका सेंटिमीटर फुगवट्याचा अर्धा किलो. कोणत्या पिशवीतील चिवड्याने हे केले ते शोधून तिला शिक्षा व्हावी.

अभियंता_नाशिक

अभिनंदन. वेगळे खोके करण्याची माझी सूचना चुकीची होती, हे मान्य करतो. मात्र आमच्या येथील एक एजंट आंतरराष्ट्रीय पार्सललाही ४५०० ने भागतो. दोन दुकाने पलीकडे ५००० आहे. हे कसे, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

गोदामवाला

किलोचा दर कोणाचा कमी आहे, ते आधी पाहा. भाजक लहान ठेवून दर कमी दाखवण्याची पद्धत आहे. आपल्या खोक्याच्या मापांवर दोघांकडून अंतिम रक्कम लिहून घ्या, तोच एक उपाय. जड मालाला पहिला दुकानदार स्वस्त पडेल, हलक्याला बहुधा दुसरा.

घाटावरचा

बहुधा. म्हणजे नक्की आपल्यालाही माहीत नाही.